ऊट आय्ता, मॅडम?

माझे धाकटे दीर न्यू जर्सीत असतात. त्यांच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू सोयीच्या शनिवारी होतं. शेजारच्या अमेरिकन बाईंच्या हातावर तिळाची वडी ठेवताना हे काय, कशासाठी, आजच का, असं सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. त्या बाईंना यातलं काहीच ठाऊक नसतं, त्यामुळे सांगाल ते त्या आनंदाने ऐकून घेतात. आमचा परमुलूख त्या मानाने अगदी हाताशी आहे. साताऱ्याहून रात्री निघालं की दुसऱ्या दिवशी म्हैसूर. इथल्या शेजारणीला संक्रांत ठाऊक आहे, तीळ-गूळ ठाऊक आहे, हळदकुंकवाची कोयरी तर माझ्यापेक्षा तिचीच जुनी. सगळं ओळखीचं. आणि माझा अनुभव असा की जिथे सगळं ओळखीचं वाटतं, तिथेच जास्त अडखळायला होतं.

मी एका सरकारी बँकेत अधिकारी आहे. बदलीने इथे आले आणि कुवेंपुनगरात घर केलं. काम काउंटरच्या मागे, म्हणजे दिवसभरात शंभरेक माणसांना नमस्कार घालायचं. नमस्काराचा प्रश्न तसा पहिल्या दिवशीच सुटतो, कारण कन्नडमध्येही ‘नमस्कार’च आहे. खरी गंमत त्यानंतरच्या वाक्यात असते. म्हैसूरमध्ये ते वाक्य घड्याळाप्रमाणे बदलतं. सकाळी दहा-साडेदहापर्यंत ‘तिंडि आय्ता?’ म्हणजे नाश्ता झाला का. दुपारी ‘ऊट आय्ता?’ म्हणजे जेवण झालं का. चारनंतर ‘काफी आय्ता?’. शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळे हे एकमेकांना विचारतात आणि काउंटरसमोरचा ग्राहकही पासबुक सरकवता सरकवता विचारतो.

आपल्याकडेही खेड्यापाड्यात ‘झालं का जेवण?’ असं विचारायची रीत आहे. म्हणून मराठी माणसाला वाटतं, हे आपल्याला जमेल. पण आपल्या ‘झालं का?’मध्ये थोडी खरीखुरी चौकशी असते आणि उत्तरही खरं दिलेलं चालतं. इथे उत्तर ठरलेलं आहे: ‘आय्तु, निम्दु?’ झालं, तुमचं? नागपूरहून बदलून आलेले आमचे एक सहकारी पहिले काही आठवडे प्रामाणिकपणे ‘इल्ला’ म्हणत. दोन वाजले तरी त्यांचा डबा उघडलेला नसायचा, मग खोटं कशाला बोला? परिणाम असा व्हायचा की विचारणारा बिचारा थबकायचा. आता याला आग्रह करायचा, बाहेर नेऊन खायला घालायचं, की रांग सोडून बाजूला व्हायचं, हे त्याला कळेना. एकदा एक आजोबा खरोखरच पिशवीतली दोन केळी काढून काउंटरवर ठेवून गेले. आमच्या हेड कॅशियर बाईंनी शेवटी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, ‘सार, भूक लागली असली तरी आय्तु म्हणा.’

माझी अडचण उलटी होती, आणि ती मी अनेक पुण्या-मुंबईच्या मंडळींतही पाहिली. आपण जेवलो की नाही याची उठाठेव परक्या माणसाने का करावी, असं आत कुठेतरी वाटत राहतं आणि चेहरा आक्रसतो. ही भावना जायला वेळ लागतो. ती गेली की कामात केवढा फरक पडतो, हे मला नोव्हेंबरात समजलं.

नोव्हेंबर हा बँकेत निवृत्तिवेतनधारकांचा महिना. हयातीचा दाखला द्यायला सगळे येतात. ऐंशीच्या पुढच्या केंद्रीय पेन्शनरांना तर 1 ऑक्टोबरपासूनच देता येतो. म्हैसूरमध्ये ही मंडळी भरपूर, कारण रेल्वेचा कारखाना, अन्नतंत्रज्ञानाची सीएफटीआरआय, संरक्षण खात्याची खाद्य प्रयोगशाळा, वाणी-श्रवण संस्था, भारतीय भाषा संस्थान अशा केंद्राच्या किती तरी जागा या गावात आहेत. 2014 पासून ‘जीवन प्रमाण’ ही आधारवर चालणारी सोय आली. आधार क्रमांक, पेन्शनचा पीपीओ क्रमांक आणि खाते क्रमांक भरायचा, यंत्रावर बोट ठेवायचं, दाखला तयार. कागदावर एवढं सोपं. प्रत्यक्षात सत्तरीनंतर बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. यंत्र एकदा नाही म्हणतं, दोनदा नाही म्हणतं. मग ओल्या फडक्याने बोट पुसायचं, चोळून जरा गरम करायचं, अंगठा नाही तर तर्जनी, तीही नाही तर मधलं बोट. अलीकडे चेहऱ्यावरूनही ओळख पटवता येते, पण मोबाइलसमोर डोळ्यांची उघडझाप करायला सांगितलं की पुष्कळ आजोबा डोळे घट्ट मिटूनच घेतात.

आता या सगळ्यात समोरच्याचा हात आपल्याला हातात धरावा लागतो. बाई अधिकारी, समोर वयस्कर पुरुष, तोही या गावच्या जुन्या वळणाचा; हात पुढे करताना तो संकोचतो. शिवाय प्रसंगच असा की आपण त्याला विचारतोय, बाबा, तू जिवंत आहेस ना, सिद्ध कर. अशा वेळी आधी ‘नमस्कार ताता, चेन्नागिद्दीरा? काफी आय्ता?’ एवढं झालं की आजोबा स्वतःहून हात पुढे करतात. यंत्राने नाकारलं तरी हसतात. हे मी अनेकदा पडताळून पाहिलं आहे: गडबडीत थेट ‘आधार द्या’ म्हणून सुरुवात केली की तोच माणूस बोट ताठ धरतो, आणि ताठ बोट यंत्रावर नीट टेकत नाही. वेळ वाचवायला गाळलेलं वाक्य पुढे दुप्पट वेळ खातं.

‘ताता’ हा शब्दही निवडून वापरावा लागतो. आमच्याकडे जतचा एक तरुण लिपिक होता. सीमेलगतचा, घरी मराठी आणि बाहेर कन्नड असा वाढलेला. त्याची कन्नड माझ्यापेक्षा शंभरपट चांगली, त्यामुळे त्याला वाटलं होतं की म्हैसूर म्हणजे घरच. तो वडीलधाऱ्यांना ‘अज्जा’ म्हणे, प्रत्येक वाक्यामागे ‘री’ लावी आणि ‘हेंग अदीरि?’ असं विचारी. ऐकणाऱ्यांचे चेहरे खुलत, पण पुढचा प्रश्न ठरलेला: ‘हुब्बळ्ळी कडेचे का?’ इकडे ‘री’ची जागा ‘सार’ घेतो आणि ‘हेंग अदीरि’ऐवजी ‘हेगिद्दीरा’ म्हणतात. मराठीत कोल्हापूरचं ‘काय म्हणतायसा’ पुण्याच्या सदाशिव पेठेत ऐकू आल्यावर जे होतं, तेच. त्याला कुणी वाईट म्हटलं नाही, पण माझ्या मोडक्या म्हैसुरी कन्नडला जेवढी शाबासकी मिळाली, तेवढी त्याच्या अस्खलित धारवाडीला मिळाली नाही, हा अन्यायच म्हणायचा.

एक अभिवादन मात्र मराठी घरांनी इथे उंबऱ्याच्या आतच ठेवलं आहे. फोन उचलताना ‘जय महाराष्ट्र’ म्हणायची सवय असलेले काही जण बदलीने येतात. साताऱ्यात तो नुसता नमस्कार. कर्नाटकात त्याला बेळगावचा वास येतो. 1 नोव्हेंबर हा इथे राज्योत्सवाचा दिवस. 1956 साली याच दिवशी राज्य एकत्र झालं आणि 1973 साली याच दिवशी त्याचं ‘कर्नाटक’ असं नाव झालं. त्या सुमारास शाखेत लाल-पिवळे झेंडे लागतात, सगळे एकमेकांना ‘राज्योत्सवद शुभाशयगळु’ म्हणतात, आणि आम्हीही म्हणतो. बेळगावात त्याच दिवशी काही मराठी मंडळी काळा दिवस पाळतात, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असतं आणि कुणी बोलून दाखवत नाही. म्हैसूरमध्ये या भांडणाची धग खरंच कमी आहे. तरी काउंटरवर बसलेल्या माणसाने तोंडातून काय निघतं याचं भान ठेवलेलं बरं. आम्ही घरी सासऱ्यांनाही सांगून ठेवलं आहे, लिफ्टमध्ये फोन आला तर ‘हॅलो’ म्हणा.

निरोपाचं मात्र अगदी वेगळं. तिथे मराठी माणसाला काहीच शिकावं लागत नाही. निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो, ‘येऊ का?’ असं विचारतो. इथले लोक ‘बर्तीनि’ म्हणतात आणि ‘बर्ला?’ असं विचारतात. अर्थ तोच, सूरही तोच, उत्तरही ‘होग्बिट्टु बन्नि’, म्हणजे जाऊन या. माझी मुलगी शेजारच्या अज्जींकडून निघताना आधी ‘येऊ?’ म्हणायची, आता ‘बर्ला?’ म्हणते, आणि घरी आमच्याशी बोलतानाही कधी कधी ‘आई, मी बर्ला?’ अशी भेसळ करते. सासूबाईंना ती भेसळ चालते. इंग्रजी ‘बाय’ चालत नाही.

फक्त बायकांनी एक लक्षात ठेवायचं. ‘बर्ला?’ म्हटलं की लगेच उठून चपला घालायच्या नाहीत. घरची बाई आत जाते, अरिशिन-कुंकवाचं ताट आणते, विडा-सुपारी देते, असलं तर मल्लिगेचा गजरा देते. हे झाल्याशिवाय निरोप पुरा होत नाही. आपल्याकडे सणासुदीला असतं, इथे साध्या मंगळवारी संध्याकाळी पासबुकात काय छापलंय ते विचारायला वर गेलं तरी असतं. घाईत दारातूनच निसटणाऱ्या मराठी बायकांबद्दल इमारतीत थोडी नाराजी असायची, ती कुणी बोलत नसे, पण कळत असे: पुढच्या वेळी ‘या, बसा’ थोडं पातळ व्हायचं.

संक्रांत हा या सगळ्याचा कळस. आपलं ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ आणि त्यांचं ‘एळ्ळु बेल्ल तिंदु ओळ्ळे माताडि’ हे शेजारी ठेवून पाहिलं तर एकाच घरातली भावंडं वाटतील. तीळ-गूळ खाऊन चांगलं बोला. त्यामुळे नव्याने आलेलं मराठी कुटुंब इथे बिनधास्त असतं. पण देवाणघेवाणीची रीत पार वेगळी आहे. आपण गुळाचा पाक करून लाडू-वड्या वळतो. ते काहीच शिजवत नाहीत, चिकटवत नाहीत. पांढरे तीळ भाजून, शेंगदाणे सोलून, डाळं घालून, सुक्या खोबऱ्याची तपकिरी पाठ खरवडून त्याचे बारीक तुकडे, तेवढेच बारीक गुळाचे तुकडे. सगळं कोरडं मिसळतात. गूळ आधी कापून उन्हात वाळवावा लागतो, नाहीतर मिश्रणाला ओल सुटते आणि तीळ मऊ पडतात. चांगलं एळ्ळु मुठीतून सुटं पडलं पाहिजे, ही त्यांची परीक्षा. त्याबरोबर उसाचं कांडं, केळं, बोरं आणि ‘सक्करे अच्चु’ म्हणजे लाकडी साच्यात पाडलेल्या साखरेच्या पांढऱ्या आकृत्या. संक्रांतीच्या संध्याकाळी नटलेल्या मुली आणि बायका हे घरोघर वाटत फिरतात, त्याला ‘एळ्ळु बीरोदु’ म्हणतात. जे काय करायचं ते त्याच संध्याकाळी. आपल्यासारखं रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू लांबवलं की इथल्या बायका येतात, प्रेमाने बसतात, पण त्यांच्या लेखी सण केव्हाच उरकलेला असतो.

नाशिकची एक मुलगी लग्नानंतर लगेच आमच्या शाखेत रुजू झाली. तिची पहिली संक्रांत. सासरहून काळी चंद्रकळा आली, हलव्याचे दागिने आले. ती आमच्याच इमारतीत राहायची, तेव्हा संध्याकाळी आम्ही दोघी तिळगूळ घेऊन खाली निघालो. मी तिला सुचवून पाहिलं होतं की साडी बदल. ती म्हणाली, वर्षातून एकदाच तर काळं नेसायला मिळतं, आणि मला तिचं पटलं. तळमजल्यावरच्या अज्जींनी दार उघडलं. आधी साडीकडे पाहिलं, मग तिच्या कपाळाकडे, मग गळ्याकडे. ‘एनाय्तु?’ काय झालं? सणाच्या संध्याकाळी नवी नवरी काळ्या साडीत दारात उभी, याचा त्यांच्या मनात एकच अर्थ होऊ शकत होता. आमचं ‘थंडीत काळं ऊब धरतं’ हे कारण त्यांनी ऐकलं, पण म्हैसूरच्या जानेवारीत अशी थंडी असते तरी किती! त्यांना ते पटल्यासारखं दिसलं नाही.

वातावरण सैल केलं ते हलव्याच्या दागिन्यांनी. अज्जींनी तिच्या गळ्यातल्या हाराला बोट लावलं, काटा टोचला तशी बोट जिभेला लावलं आणि मोठ्याने हसल्या. ‘सक्करे!’ साखर. त्यांच्या ताटात साखरेचे पोपट आणि कमळं होती, हिच्या अंगावर साखरेचा हार होता. मग दुसरा प्रश्न आला: ‘मोदलने वर्षाना?’ पहिलं वर्ष का? हो म्हटल्यावर त्यांनी सांगितलं की इथे नव्या नवरीने पहिल्या संक्रांतीला सवाष्णींना पाच पाच केळी द्यायची, दुसऱ्या वर्षी दहा, असं पाच वर्षं वाढवत न्यायचं. आणि दारातच आत हाक मारून स्वतःच्या घरातला केळ्यांचा घड मागवला. ती पाच केळी तिच्या हातात देऊन, तिच्याकडूनच स्वतःला देववली. वर ‘एळ्ळु बेल्ल तिंदु ओळ्ळे माताडि’ हे तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं, कारण पहिल्या वेळी ‘ओळ्ळे’मधला ळ नीट उठला नाही म्हणे. मराठी माणसाला ळ शिकवणारी ही पहिलीच बाई मी पाहिली.

पुढच्या वर्षापासून त्या मुलीने स्वतःच वाटणी करून टाकली. संक्रांतीच्या संध्याकाळी हिरवी काठापदराची साडी, हातात एळ्ळु-बेल्ल, केळी आणि सोबत एक एक तिळाची वडी. तोंडाने आधी कन्नड वाक्य, मग मराठी. काळी साडी त्या आठवड्याच्या रविवारी, मराठी बायकांच्या हळदीकुंकवाला. आता आमच्या ओळखीतली बहुतेक घरं असंच करतात. बँकेत तर आणखी सोपं. इथे संक्रांतीला सुट्टी असते, त्यामुळे वाटप दुसऱ्या दिवशी. प्रत्येकाच्या टेबलावर एळ्ळुची पुडी येते आणि आम्ही तिच्याशेजारी लाडू ठेवतो. लाडू कडक झाला असेल तर साहेबांना द्यायचा नाही, एवढीच मराठी गटाची आपसातली सूचना.

गौरीला तारखांचाच घोळ आहे. त्यांची स्वर्णगौरी गणपतीच्या आदल्या दिवशी, म्हणजे आपल्या हरतालिकेला. त्या दिवशी शेजारीण सुपातलं बागिन घेऊन येते आणि आपण उपाशी. बागिन नाकारायचं नाही, घ्यायचं. आपल्या ज्येष्ठा गौरी बसल्या की तिला बोलावून ओटी भरायची. दसऱ्याला आपट्याची पानं मिळवायची खटपट करण्यापेक्षा बन्नीची, म्हणजे शमीची पानं सोनं म्हणून द्यावीत. जंबू सवारीची मिरवणूक बन्नीमंटपालाच संपते, त्यामुळे बन्नीचं महत्त्व इथे कुणाला सांगावं लागत नाही. पानं वाटायची रीत मात्र उत्तर कर्नाटकात जास्त. इथे देताना एखादं वाक्य बोलावं लागतं.

हे सगळं आमच्या पिढीने नव्याने शोधलं असं मला वाटायचं. एका नोव्हेंबरात माझं फोनवरचं बोलणं ऐकून रांगेतल्या एका वृद्ध गृहस्थांनी मराठीत विचारलं, तुम्ही कुठल्या? त्यांची मराठी तंजावरकडून आलेली, वळण निराळं, काही शब्द मला दुसऱ्यांदा विचारावे लागले. म्हैसूर संस्थानात अशी घरं पूर्वीपासून आहेत. 1906 ते 1909 या काळात दिवाण असलेले व्ही. पी. माधवराव आणि त्यांच्यानंतर 1912 पर्यंत दिवाण असलेले टी. आनंदराव हे दोघेही तंजावरच्या मराठी घराण्यांतले. या आजोबांच्या घरी बोलणं मराठी, पण संक्रांत एळ्ळु-बेल्लाची, गौरी तीजेची, नवरात्रात बाहुल्यांची मांडणी. ‘तिळगूळ घ्या’ हे वाक्य त्यांच्या घरी म्हटलंच जात नाही. त्यांना त्याची खंत नव्हती. उलट मी काउंटरवर ‘ऊट आय्ता’ विचारते हे ऐकून ते रांगेतल्या इतरांना कौतुकाने सांगत होते. माझ्या मुलीच्या मुलांचं काय होईल, ते त्यांच्याकडे पाहून मला थोडंफार दिसलं. मला स्वतःला ‘तिळगूळ घ्या’ गेलेलं आवडणार नाही. म्हणून घरी ते वाक्य मुलीकडून म्हणवून घेते, ती कंटाळली तरी.

बदलीने म्हैसूरला येणाऱ्या मराठी मंडळींना एवढंच सांगेन. कन्नडचा क्लास पुढे लावा, तो लागेलच. पण पहिल्या सोमवारी शाखेत पाऊल टाकण्याआधी ‘आय्तु, निम्दु?’ पाठ करून या. उपाशी असलात तरी.